ग्रहणात जन्मलेली मुलगी, केतू आणि न घडलेला कालसर्प

प्रश्न : काका, माझ्या मुलीचा जन्म २६ डिसेंबर २०१९ चा, सकाळी ९ वाजून २० मिनिटांचा, रत्नागिरीचा. तेव्हा सूर्यग्रहण लागलेलं होतं. एकांनी पत्रिका बघून ‘ग्रहणदोष आणि कालसर्प दोन्ही आहेत’ म्हणून सांगितलं आणि मोठ्या खर्चाचे विधी सुचवले. माझ्या यजमानांचा जन्म २८ एप्रिल १९८५ चा, त्यांनाही सूर्य-राहूमुळे ‘ग्रहणयोग’ सांगितला. राहू-केतू आकाशात दिसत नाहीत, मग ते आहेत तरी काय? आणि मुलीच्या पत्रिकेत ते कसे वाचायचे?

उत्तर :

ताई, आधी निकाल सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. मुलीचा जन्म खरोखर ग्रहणातला आहे, पण तिच्या पत्रिकेत कालसर्प नाही. तुमच्या यजमानांच्या पत्रिकेत सूर्य-राहू एका राशीत आहेत, पण ग्रहण नाही. हे कशावरून, ते समजायला राहू-केतू म्हणजे काय ते नीट बघावं लागेल.

सूर्य वर्षभर ज्या वाटेने फिरताना दिसतो ते क्रांतिवृत्त. चंद्राची वाट याच वाटेवर नाही, ती पाच अंशांहून थोडी जास्त कललेली आहे. एकीत एक तिरकी अडकवलेल्या दोन बांगड्या डोळ्यांसमोर आणा, त्या बरोबर समोरासमोरच्या दोन जागी एकमेकींना छेदतात. चंद्र जिथे दक्षिणेकडून उत्तरेला चढतो तो छेद राहू आणि जिथे उत्तरेकडून दक्षिणेला उतरतो तो केतू. तिथे दगड नाही, वायू नाही, काहीच नाही. म्हणून ते दिसत नाहीत, आणि म्हणूनच पत्रिकेत ते नेहमी एकमेकांपासून १८० अंशांवर असतात. एकाचे अंश कळले की दुसऱ्याचे वेगळे काढावे लागत नाहीत. हे छेद स्थिरही नाहीत. वर्षाला सव्वाएकोणीस अंशांच्या आसपास मागे सरकतात, त्यामुळे एका राशीत दीड वर्ष आणि पूर्ण फेरीला साडेअठरा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. पंचांगात राहू कायम वक्री दिसतो तो त्यामुळे.

आता ग्रहण. आपण किनाऱ्यावरची माणसं, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आपल्याला सांगावं लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, हा हिशेब खाडीतला प्रत्येक जुना तांडेल तोंडावर करतो. उधाण प्रत्येक अमावास्येला येतं, कारण त्याला सूर्य-चंद्र एका दिशेला असले की पुरे. ग्रहणाला तेवढं पुरत नाही. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो, कारण त्याची वाट तिथे सूर्याच्या वाटेपासून लांब असते. सूर्य राहूच्या किंवा केतूच्या जवळ असताना अमावास्या आली, तरच चंद्र सूर्याच्या आड येतो. जवळ म्हणजे किती? सूर्यग्रहणासाठी साधारण पंधरा अंशांच्या आत असेल तर पृथ्वीवर कुठे ना कुठे ग्रहण होतंच, आणि साडेअठरा अंशांपलीकडे होत नाही. मधल्या पट्ट्यात कधी होतं, कधी नाही.

हे गणित आपल्याच किनाऱ्यावर केलं गेलंय, हे आवर्जून सांगतो. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० चा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचलं. पुढे शतकानुशतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. त्यात ग्रहण संभवतं का हे तपासायचं तर पर्वाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, अंती सूर्य राहूपासून किती अंशांवर आहे तेच आधी बघायला सांगितलंय, आणि चौदा अंशांची मर्यादा घातलीय. हे लिहिणारा माणूस राहू सूर्याला गिळतो असं समजत नव्हता. त्याच्या हजार वर्षं आधी आर्यभटांनी सांगून ठेवलं होतं की चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया आणि सूर्यग्रहणात चंद्र आड येतो. वराहमिहिरांनीही बृहत्संहितेत तेच मांडलं आणि ग्रहणाचं कारण राहू नव्हे असं स्पष्ट म्हटलं. तरीही फलज्योतिषात राहू-केतू राहिले. तेव्हा ‘राहू खोटा’ म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेतो, पण ‘राहूला ग्रह समजणारे अडाणी होते’ म्हणणाऱ्याचं नाही.

आता तुमच्या यजमानांची पत्रिका. २८ एप्रिल १९८५ ला सूर्य मेषेत १४ अंशांवर, राहू मेषेतच २५ अंशांवर. एक रास, अकरा अंशांचं अंतर. कागदावर बघितलं की ‘ग्रहणयोग’ लिहायचा मोह होतो. पण त्या दिवशी तिथी काय होती? शुक्ल पक्षातली अष्टमी-नवमी. चंद्र आकाशात सूर्यापासून साधारण पाव वर्तुळाएवढा लांब होता. ग्रहणाचा प्रश्नच नाही. आता गंमत बघा. पुढे तीन आठवड्यांनी, १९ मे १९८५ ला अमावास्या आली तेव्हा सूर्य वृषभेत ५ अंशांवर गेला होता आणि राहू मेषेत २४ अंशांवर होता. राशी वेगवेगळ्या, आणि त्या अमावास्येला खरोखरच खंडग्रास सूर्यग्रहण झालं. ते उत्तरेकडच्या प्रदेशांत दिसलं, आपल्याकडे नाही. म्हणजे एका राशीत आहेत म्हणून ग्रहण, हे गृहीतक दोन्ही बाजूंनी फसतं.

आणखी एक हिशेब करून बघा. सूर्य दरवर्षी एक महिना राहूच्या राशीत आणि एक महिना केतूच्या राशीत असतोच. म्हणजे नुसत्या राशीवरून योग लावला तर दर सहा माणसांत एकाला सूर्याचा ग्रहणयोग, आणि चंद्राचाही धरला तर आणखी तितक्याच जणांना. वाडीतल्या पाच-सहा घरांत प्रत्येकी एक दोषी निघाला, तर तो दोष कसला? यजमानांचा सूर्य मेषेत उच्चीचा आहे, सोबत राहू. हे मी मोठ्या पदाची, लोकांत वावरायची हाव आणि वडिलांशी थोडी ओढाताण असं वाचेन, तेही राहू कोणत्या भावात, म्हणजे पत्रिकेतल्या कोणत्या घरात, आहे ते बघून. जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास म्हणजे लग्न, ते तुम्ही कळवलं नाही, म्हणून पुढे जात नाही.

आता मुलगी. त्या सकाळी रत्नागिरीत आठ वाजून गेल्यावर स्पर्श झाला, सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान मध्य आणि अकराच्या आत मोक्ष. कंकण दिसलं ते खाली केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात, आपल्याकडे मोठं खंडग्रास होतं. आमच्या आगरात माडा-पोफळींच्या झावळ्यांतून सारवलेल्या अंगणात जे उन्हाचे गोल कवडसे पडतात, ते सगळे त्या वेळी कोरींसारखे झाले होते. झावळ्यांच्या फटी सुईच्या छिद्रासारखं काम करतात आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र असतं. तुमची मुलगी नेमकी त्या मध्याच्या सुमारास जन्मली.

इथे एक खोच आहे, ती अनेक पत्रिका करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. अमावास्येचा अंत, म्हणजे सूर्य-चंद्राचे अंश बरोबर एक होण्याचा क्षण, त्या दिवशी १० वाजून ४३ मिनिटांनी होता. मग ग्रहणाचा मध्य सव्वा तास आधी कसा? कारण पंचांगातली युती पृथ्वीच्या मध्यातून मोजलेली असते आणि आपण रत्नागिरीच्या अंगणातून बघतो. चंद्र जवळ असल्यामुळे आपल्या जागेवरून तो थोडा क्षितिजाकडे झुकलेला दिसतो. सकाळी क्षितिज पूर्वेला, म्हणजे चंद्राच्या पुढच्या दिशेला, म्हणून तो सूर्याला लवकर गाठल्यासारखा दिसतो. जुने गणिती याला लंबन म्हणतात. त्यामुळे ग्रहणातला जन्म ठरवायचा तो तिथीच्या अंतावरून नाही, त्या गावच्या स्पर्श आणि मोक्षाच्या वेळांवरून. ग्रहण दिसलंच नाही अशा गावी जन्मलेल्या मुलाला ग्रहणजननाचा विचार लागू नाही, जसे त्या गावी वेधही पाळत नाहीत.

पत्रिका अशी येते. चित्रापक्षीय अयनांशाने लग्न मकर. बाराव्या भावात, धनूत, सहा जण : बुध सुरुवातीच्या अंशांत, चंद्र ९ अंशांवर, सूर्य १० अंशांच्या जवळ, गुरू ११ वर, केतू १४ वर आणि शनी २६ वर. समोर मिथुनेत सहाव्या भावात राहू. शुक्र लग्नात मकरेत १३ अंशांवर, मंगळ अकराव्या भावात वृश्चिकेच्या सुरुवातीला. सूर्य-केतूत फक्त साडेचार अंशांचं अंतर आणि तिथी अमावास्या. वर सांगितलेली कसोटी इथे उतरते, म्हणूनच हे खरं ग्रहण आहे आणि ते केतूकडचं आहे.

कालसर्प म्हणजे राहू-केतूच्या रेषेच्या एकाच बाजूला सगळे सात ग्रह. आता मोजा. राहू मिथुनेत १४, तिथून पुढे केतू धनूत १४ पर्यंत मंगळ, बुध, चंद्र, सूर्य, गुरू येतात. केतू ओलांडून पलीकडे शनी २६ अंशांवर आणि शुक्र मकरेत आहे. दोन ग्रह बाहेर, कालसर्प नाही. कोणी म्हणेल की शनी केतूच्याच राशीत आहे, तो आत धरू. धरा, तरी शुक्र बाहेरच राहतो. मुळात बृहज्जातक, बृहत्पाराशरी, फलदीपिका या जुन्या ज्योतिषग्रंथांत हा योग या नावाने नाही. मी तो पत्रिकेत लिहीत नाही, आणि कोणी विचारलं तर आधी अंश मांडून दाखवायला सांगतो. अंश न मांडता फक्त चौकोनातल्या घरांवरून बोट फिरवून सांगितलेला कालसर्प तपासून घ्यावा.

आता हा केतू वाचायचा कसा. राहू-केतूंना स्वतःची रास नाही. त्यांच्या उच्च राशींवरही जुन्यांत एकमत नाही, कोणी वृषभ-वृश्चिक म्हणतं, कोणी मिथुन-धनू. म्हणून ‘राहू उच्चीचा’ ऐकलं की मी फारसा हुरळत नाही. लघुपाराशरीचा नियम मला कामाचा वाटतो : हे दोघे ज्या भावात बसतात आणि ज्या भावांच्या स्वामींबरोबर असतात, त्यांची फळं जोराने देतात. म्हणून मी त्यांच्याकडे तीन गोष्टी विचारतो. कुठल्या घरात आहेत, कोण सोबत आहे, आणि ज्या राशीत बसलेत तिचा स्वामी कसा आहे.

मुलीचा केतू व्ययात, म्हणजे बाराव्या भावात आहे. तिथे त्याला बरा मानतात, कारण केतू आणि हे घर, दोघांचाही कल आवराआवरीकडे, एकांताकडे. राशीचा स्वामी गुरू त्याच घरात स्वतःच्या राशीत बसलाय, ही मोठी जमेची बाजू. पण तो सूर्यापासून अंशभरावर, म्हणजे पूर्ण अस्तंगत, सूर्याच्या तेजात झाकलेला आहे, हेही सांगायला हवं. नुसतं ‘गुरू स्वगृही’ म्हणून पेढे वाटायचे नाहीत. सोबत चंद्र आहे, अमावास्येचा, म्हणजे तेजहीन, आणि माझ्या मते या पत्रिकेतली खरी नाजूक जागा तीच. केतू नव्हे. मूल हळवं, झोप चाळवणारी, घरात आवाज चढला की गप्प बसणारं, एकटं खेळण्यात रमणारं, असं मी वाचेन. लग्नेश शनीही व्ययात आहे, पण सूर्यापासून सोळा-सतरा अंशांवर असल्याने अस्ताच्या बाहेर. राहू सहाव्यात चांगलाच : स्पर्धेत मागे हटणार नाही, अडचण अंगावर घेईल. आणि मकर लग्नाला पाचव्या-दहाव्याचा स्वामी शुक्र हा योगकारक, तो थेट लग्नात. ज्यांनी तुम्हाला दोन दोष सांगितले त्यांनी हा शुक्र आणि अकराव्यातला स्वगृहीचा मंगळ सांगितला का, ते आठवून बघा.

राहू-केतू फळ देतात ते मुख्यतः दशेत, म्हणजे आयुष्यातल्या त्यांच्या अंमलाच्या काळात. चंद्र मूळ नक्षत्रात, तिसऱ्या चरणात. मूळ हे केतूचं नक्षत्र, म्हणून जन्मतः केतूची महादशा. ती एकूण सात वर्षांची. नक्षत्र १३ अंश २० कलांना संपतं आणि चंद्र ९ अंश १५ कलांच्या जवळ होता, म्हणजे सव्वातेरापैकी चार अंश बाकी. त्या प्रमाणात दशेची दोन वर्षं आणि दीड-पावणेदोन महिने उरतात. जन्मवेळ चार मिनिटांनी चुकली असली तरी फरक आठवड्याभराचा, त्यामुळे हा आकडा भरवशाचा. म्हणजे केतूची महादशा फेब्रुवारी २०२२ मध्येच संपली. आजारपण, आईपासून दूर राहणं, घर बदलणं असं काही व्हायचं असेल तर त्या दोन वर्षांत झालं असेल. तुम्हीच पडताळून बघा. आणि त्यातलं बरंचसं त्या काळात सगळ्याच घरांत झालं, तेव्हा त्याचं सगळं श्रेय केतूला देऊ नका.

त्यानंतर वीस वर्षं, फेब्रुवारी २०४२ पर्यंत, महादशा त्या लग्नातल्या शुक्राची. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी सगळं त्यात येतं. ज्या केतूची तुम्हाला भीती घातली, त्याला आता फक्त शेवटची चौदा महिन्यांची अंतर्दशा, म्हणजे शुक्राच्या दशेतला पोटकाळ, उरलीय, २०४० च्या अखेरीपासून. त्याआधी जरा लक्ष द्यायचं ते जून २०२६ ते फेब्रुवारी २०२८ या चंद्राच्या अंतर्दशेत, कारण नाजूक चंद्र आहे. लक्ष म्हणजे काय तर वेळेवर झोप, तिचं बोलणं नीट ऐकून घेणं, आणि शाळा बदलायची असेल तर तो काळ टाळता आला तर टाळणं. खोकला-दमा काही दिसलं तर थेट डॉक्टरकडे. पत्रिका त्यासाठी नसते.

विधींचं सांगतो. या जन्मात तीन शांती एकत्र येतात : दर्श म्हणजे अमावास्येची, मूळ नक्षत्राची, आणि ग्रहणजननाची. ग्रहणजननशांती बृहत्पाराशरीत सांगितलेली आहे, ती कोणी नवी काढलेली नाही. त्यात सूर्याची सोन्याची आणि राहूची शिशाची प्रतिमा सांगितलीय, पण ऐपत नसेल तर सुपारीवर आवाहन करून करतात आणि ते चालतं. बारशापर्यंत केली नसली तरी घरच्यांच्या मनाला बोचत असेल तर एका दिवसात तिन्ही एकत्र, घरच्या भटजींकडून, साध्या खर्चात उरकता येतात. नसेल बोचत तर सोडून द्या, आता केतूची दशाच संपलीय. कालसर्पाची पूजा मात्र करायचं कारणच नाही. जो योग पत्रिकेत नाही, त्याची शांत कशाची करणार?

तुमच्या वहीत एक नोंद करून ठेवा. राहू-केतू साडेअठरा वर्षांनी जन्मीच्या जागी परत येतात. मुलीच्या बाबतीत ते २०३८ च्या मध्यानंतर, म्हणजे बारावी होऊन पुढचं शिक्षण सुरू होतानाचं वर्ष. तेव्हा शुक्रात बुधाची अंतर्दशा चालू असेल. बुध तिच्या नवव्या भावाचा स्वामी, आणि राहू ज्या मिथुनेत बसलाय तिचाही तोच. आणि तो बसलाय व्ययात, लांबच्या, परक्या जागेच्या घरात. मी असतो तर तेव्हा गावाबाहेर, कदाचित राज्याबाहेर शिकायला पाठवायची तयारी ठेवली असती आणि पैशाची जुळणी आतापासून. यजमानांचं लग्न कळवा, जन्मवेळ दवाखान्याच्या नोंदीवरून पुन्हा तपासून, म्हणजे त्यांचा राहू कुठल्या घरात आहे ते बघू.